टीका कोणी केली, लेखकु कोण जाहला

मागच्या महिन्यात बेळगावातल्या एका कॉलेजात पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींसाठी एक दिवसाची कार्यशाळा होती. जेवणाच्या सुट्टीत एका मुलीने आपली अडचण सांगितली. तिच्या पहिल्याच शोधनिबंधावर गाईडचं नाव पहिलं, विभागप्रमुखांचं दुसरं आणि तिचं तिसरं लागलं होतं. निबंध अजून छापून यायचा होता, नियतकालिकाकडे तपासणीला होता. हातात ताटं धरून वीस मिनिटं त्यावर जो वाद झाला, तो ऐकून मला वाईट वाटलं. कारण वाद तिच्या कामावर झालाच नाही. एकजण म्हणाला, ही सरळ चोरी आहे, थेट संपादकाला कळव. दुसऱ्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांना राग आला तो ‘गुरूच्या पुढे नाव लावायचं’ या कल्पनेचाच. आणि तिसरा पक्ष आपल्या भागात कधी मागे राहत नाही: गाईड कन्नड, मुलगी मराठी, म्हणजे डावललं जाणारच. मधलं नाव ज्यांचं होतं ते विभागप्रमुख निपाणीकडचे मराठी गृहस्थ आहेत, हे त्या वेळी कोणाला आठवलं नाही.

मी स्वतः रसायनशास्त्र शिकवतो, गाईड आहे, आणि एके काळी विद्यार्थी म्हणून याच जागी अडकलो होतो. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. पहिलं नाव कोणाचं, हे एका प्रश्नावरून ठरवावं: उद्या परीक्षकाने या कामातल्या एखाद्या आकड्यावर बोट ठेवलं, तर मुळापासून उत्तर कोण देऊ शकतं? आणि मतभेद असेल तर तो कामाच्या लेखी हिशेबाच्या रूपात मांडावा, आधी गाईडसमोरच मांडावा, आणि जमेल तितका लवकर मांडावा. चोरी, संस्कार आणि भाषा हे तिन्ही शब्द त्या बैठकीत आणूच नयेत. ते आले की काम बाजूला पडतं आणि माणसं एकमेकांना धरून बसतात.

त्या मुलीचं काम मी नंतर नीट समजून घेतलं. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगतो. चिकोडी आणि अथणी तालुक्यांतल्या उसाच्या पट्ट्यातल्या ४८ विहिरींचं पाणी तिने पावसाळ्याआधी आणि नंतर, असं दोनदा तपासलं. विषय नायट्रेटचा. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही आपल्याकडची मर्यादा, ती कुठे ओलांडली जाते आणि खताशी त्याचा कसा संबंध लागतो, हे पाहायचं होतं. कल्पना गाईडची. उपकरणं विभागाची. विहिरी तिने निवडल्या, नमुने तिने आणले, तपासण्या तिने केल्या.

आता या सगळ्यात एक गोष्ट अशी घडली की तिच्यावरून मला संपूर्ण वादाचा निकाल दिसतो. पाण्याच्या तपासणीत एक ताळा असतो. पाणी विद्युतदृष्ट्या उदासीन असतं, म्हणून कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम अशा धन आयनांची बेरीज आणि बायकार्बोनेट, क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट अशा ऋण आयनांची बेरीज जुळली पाहिजे. साधारण पाच टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. तिच्या पहिल्या फेरीतल्या ११ नमुन्यांत हा फरक दहा टक्क्यांच्या वर गेला, आणि प्रत्येक वेळी ऋण बाजूच कमी पडत होती. गाईडनी फोनवर सांगितलं, ते नमुने सोडून दे, ३७ पुरे झाले. तिने ते सोडले नाहीत. तारखा लावून पाहिल्या तेव्हा कळलं की अकराच्या अकरा बाटल्या चार-पाच दिवस तशाच राहिलेल्या होत्या, मध्ये सलग सुट्ट्या आल्या होत्या. रिकाम्या केलेल्या बाटल्या उजेडात धरल्यावर आतल्या बाजूला पांढरा पातळ थर दिसला. आम्ल टाकल्यावर तो बारीक फसफसत विरघळला. पाण्यातला चुना बाटलीला बसला होता आणि त्याबरोबर बायकार्बोनेटही खाली आलं होतं. कॅल्शियम मोजायची बाटली वेगळी असते, तिच्यात आधीच आम्ल घातलेलं असतं, म्हणून तिथे चुना बसला नाही आणि कॅल्शियम पूर्ण आलं. एक बाजू पूर्ण, दुसरी कमी, ताळा कसा जुळणार? ती ब्यूरेट आणि मिथाइल ऑरेंज घेऊन त्या अकरा विहिरींवर पुन्हा गेली, दोन्ही बाटल्या नव्याने भरल्या आणि बायकार्बोनेटचं टायट्रेशन विहिरीच्या काठावरच केलं. ताळा जुळला. त्या ११ पैकी ६ विहिरी नायट्रेटच्या मर्यादेच्या वर होत्या. नमुने सोडले असते तर निबंधाचा निष्कर्षच मवाळ झाला असता.

पुढे परीक्षकाचा अभिप्राय आला, त्यात पहिलाच प्रश्न हा होता: आयनांचा ताळा कसा पाहिलात, न जुळलेल्या नमुन्यांचं काय केलंत? गाईडनी तो मेल जसाच्या तसा तिला पुढे पाठवला. वर एकच ओळ: ‘याचं उत्तर तू लिही.’ माझ्या मते त्या एका ओळीने नावांचा क्रम त्यांनी स्वतःच सांगून टाकला होता.

पण दुसऱ्या बाजूचं म्हणणं हलकं नाही, आणि मी गाईड असल्यामुळे ते मला आतून माहीत आहे. पहिला मुद्दा कल्पनेचा. उसाच्या पट्ट्यात दोन हंगामांची तुलना करायची, हे गाईडला सुचलं. मुलीने प्रवेश घेतला तेव्हा तिच्याकडे विषयही नव्हता. दुसरा मुद्दा लेखनाचा. आपल्या भागातली बहुतेक मुलं मराठी किंवा कन्नड माध्यमातून येतात, पहिला इंग्रजी मसुदा बऱ्याचदा असा असतो की गाईडला रात्री जागून तो नव्याने लिहावा लागतो. मी तीन-तीनदा लिहिलेला आहे. प्रस्तावना माझी, चर्चा माझी, आलेख मी पुन्हा काढलेले. अशा वेळी ‘पहिला लेखक विद्यार्थीच’ असं छापील उत्तर देणं अन्यायाचं होईल. तिसरा मुद्दा असा की आपण केलेलं काम आपल्याला जवळून दिसतं आणि दुसऱ्याचं लांबून. विद्यार्थ्याला उन्हातल्या ४८ विहिरी आठवतात. गाईडने निधीच्या अर्जासाठी घातलेलं वर्ष त्याने पाहिलेलंच नसतं.

हे तिन्ही मुद्दे मान्य करूनही पहिलं नाव गाईडचं ठरत नाही. का ते सांगतो. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची जी आंतरराष्ट्रीय समिती आहे, तिचे लेखकपणाचे निकष आज बाकीच्या विज्ञानशाखांतही आधाराला घेतले जातात. त्यांत चार गोष्टी एकत्र लागतात: कल्पना, आखणी, माहिती मिळवणं किंवा तिचं विश्लेषण यांत भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात विचारपूर्वक दुरुस्ती करणं, अंतिम प्रतीला मान्यता, आणि संपूर्ण कामाची जबाबदारी घेणं. नुसता निधी आणणं किंवा नुसती देखरेख करणं यावर लेखक होता येत नाही, हेही तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. या चार निकषांवर आमच्या गोष्टीतले गाईड निःसंशय लेखक ठरतात: कल्पना त्यांची, दुरुस्ती त्यांची. पण हे निकष लेखक कोण एवढंच सांगतात, क्रम सांगत नाहीत. क्रम शाखेच्या रूढीवर चालतो. गणितात आडनावांच्या वर्णानुक्रमाने नावं लावतात. प्रयोगशाळेच्या विज्ञानात ज्याने प्रत्यक्ष काम पेललं तो पहिला, आणि ज्याच्या प्रयोगशाळेत, ज्याच्या देखरेखीखाली ते झालं तो शेवटचा, ही रूढी आहे. शेवटचं नाव तिथे कमीपणाचं नसतं, जाणकार ते ‘हे काम यांच्या लॅबचं’ असं वाचतात. म्हणजे गाईडच्या कल्पनेला आणि देखरेखीला मानाची जागा आधीच राखून ठेवलेली आहे. मग विद्यार्थ्याची जागा कशाला हवी?

गुणांसाठी, असं उत्तर मिळतं. तेही तपासून पाहू. प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्यांसाठी यूजीसीने २०१८ साली जे नियम केले, त्यांत संयुक्त निबंधाच्या गुणांची वाटणी दिलेली आहे. दोन लेखक असतील तर दोघांनाही ७० टक्के, मग नाव आधी असो की नंतर. दोनपेक्षा जास्त असतील तर पहिल्या, मुख्य किंवा करस्पाँडिंग, म्हणजे नियतकालिकाशी पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या, लेखकाला ७० टक्के आणि इतर प्रत्येकाला ३० टक्के. आता त्या मुलीच्या निबंधाकडे पाहा. तो दोघांचाच राहिला असता तर गाईडला पहिल्या जागेने एका गुणाचाही फायदा नव्हता. विभागप्रमुखांचं नाव आलं, लेखक तीन झाले, आणि तिसऱ्या जागेवरच्या मुलीचा वाटा ७० वरून ३० वर आला. म्हणून मला पहिल्या दोन नावांच्या क्रमापेक्षा मधलं नाव जास्त सलतं. विभागप्रमुखांनी एकही विहीर पाहिली नाही, मसुदा वाचला नाही. विभागाचं उपकरण वापरायला दिलं, त्याबद्दल त्यांचे आभार मानायचे, आणि आभारात नाव घालायलाही त्यांची परवानगी घ्यायची, एवढंच रीतसर आहे. नियमातले ‘पहिला, मुख्य किंवा करस्पाँडिंग’ हे शब्द मोघम आहेत, पहिला आणि करस्पाँडिंग अशा दोघांनाही ७० द्यायचे की एकालाच, हे आपल्या विद्यापीठात आधी विचारून घ्यावं. पण विद्यार्थी पहिला आणि गाईड शेवटचा व करस्पाँडिंग, या मांडणीत दोघांची बाजू राखली जाते, हे गाईडसमोर बोलताना उपयोगी पडतं.

आता ‘गुरू’ हा शब्द. आमच्या ज्येष्ठ प्राध्यापकांनी परंपरेचा दाखला दिला, तर मी परंपरेतूनच उत्तर देतो. ज्ञानेश्वरीच्या शेवटी एक ओवी येते: ‘शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें । सच्चिदानंद बाबा आदरें । लेखकु जाहला ।।’ शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. या एका ओवीत साल आहे, काम काय झालं ते आहे, ते कोणी केलं ते आहे, आणि प्रत्यक्ष लिहून कोणी घेतलं तेही आहे. ज्ञानेश्वरांएवढी गुरुभक्ती कोणाची? निवृत्तिनाथांचं ऋण ग्रंथभर पानोपानी मानलेलं आहे. तरी टीका केली ती ज्ञानेश्वरांनी, असंच लिहिलं गेलं. गुरूला सगळं श्रेय अर्पण करणं आणि काम कोणी केलं याची नोंद ठेवणं, या दोन गोष्टी सातशे वर्षांपूर्वी आपल्याकडे वेगळ्या होत्या. तीच गोष्ट जनाबाईची. नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिलेली ही बाई स्वतःला ‘नामयाची दासी जनी’ म्हणवते, पण अभंगावर मुद्रा उमटते ती जनीची. नामदेवांची मुद्रा तिच्या अभंगावर लावावी, असं त्या वाड्यात कोणाला वाटलं नाही. मग आजच्या विभागात का वाटावं?

पश्चिमेकडच्या एका प्रसंगात मात्र नेमकं उलट घडलं, आणि तो संशोधक विद्यार्थ्यांनी जरूर वाचावा असा आहे. शिकागोत रॉबर्ट मिलिकन यांच्या हाताखाली हार्वे फ्लेचर पीएच.डी. करत होते. इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजण्यासाठी पाण्याच्या थेंबांऐवजी तेलाचे थेंब वापरण्याचा प्रयोग फ्लेचरनी उभा केला. दोघांनी मिळून काम पुढे नेलं. मग एके दिवशी मिलिकन फ्लेचरच्या घरी आले. प्रबंधासाठी छापील निबंध वापरायचा असेल तर त्यावर विद्यार्थ्याचं एकट्याचं नाव हवं, असा तिथे नियम होता. मिलिकननी मांडलेली वाटणी अशी: ब्राउनीय गतीवरच्या निबंधावर फक्त फ्लेचर, आणि विद्युतभारावरच्या १९१० सालच्या निबंधावर फक्त मिलिकन. फ्लेचर निराश झाले, पण मान्य केलं. १९२३ चं नोबेल मिलिकनना मिळालं. फ्लेचरनी ही हकीकत लिहून ठेवली आणि ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९८२ साली प्रसिद्ध झाली. मिलिकनबद्दल त्यांनी मनात कडवटपणा ठेवला नाही, आणि अनेकजण याचा अर्थ ‘बघा, गप्प राहण्यात शहाणपण आहे’ असा लावतात. मला त्यात वेगळं दिसतं. वाटणी गाईडच्या तोंडून आली, विद्यार्थ्याच्या घरी आली, समोर कागद नव्हता, तिसरा माणूस नव्हता. त्या घडीला फ्लेचरजवळ ‘तेलाची कल्पना कोणाची, उपकरण कोणी जोडलं, मापनं कोणाची’ अशी दोघांनी सही केलेली एक वही असती, तर मिलिकनना ते वाक्य बोलणं इतकं सोपं गेलं असतं का?

भांडून काय होतं, याचंही उदाहरण आहे. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं औषध १९४३ साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात सापडलं ते अल्बर्ट शाट्झ या विद्यार्थ्याच्या हातून. १९४४ च्या निबंधावर पहिलं नाव शाट्झचंच होतं, गाईड सेलमन वाक्समन शेवटचे. तरी जगाने श्रेय वाक्समनना दिलं, रॉयल्टीही त्यांच्याकडे गेली. १९५० मध्ये शाट्झनी दावा लावला, तडजोडीत सहसंशोधक म्हणून मान्यता आणि रॉयल्टीचा वाटा मिळवला. १९५२ चं नोबेल मात्र एकट्या वाक्समनना मिळालं, आणि गाईडला कोर्टात खेचणारा म्हणून शाट्झना चांगल्या प्रयोगशाळांची दारं बंद झाली. पहिलं नाव हे श्रेयाची हमी नाही, हे मी विद्यार्थ्यांपासून लपवत नाही. पण दुसरीकडे हेही खरं की शाट्झना दावा लढवता आला, तो निबंधावरचं नाव हाताशी होतं म्हणून.

तर मांडायचं कसं? त्या मुलीने काय केलं ते सांगतो, कारण मला त्यात फार थोडं बदलावंसं वाटलं. तिला क्रम कळला तो नियतकालिकाच्या आपोआप येणाऱ्या मेलमधून, सहलेखक म्हणून दुजोरा द्या, असा. तिने ते बटण दाबलं नाही. संपादकालाही लिहिलं नाही. आधी तिने एका कोऱ्या पानावर तक्ता केला. नियतकालिकं आता वाट्याची नोंद मागतात, त्यासाठी चौदा भूमिकांची एक प्रमाणित यादी वापरली जाते: संकल्पना, पद्धत, तपासणी, आकडेवारीची राखण, विश्लेषण, पहिला मसुदा, दुरुस्ती, देखरेख, निधी वगैरे. तिने त्या भूमिका उभ्या घेतल्या आणि तिन्ही नावं आडवी. संकल्पनेपुढे तिने गाईडचं नाव लिहिलं, स्वतःचं लिहिलं नाही. हे महत्त्वाचं. समोरच्याचा वाटा आपण होऊन मोकळेपणाने लिहिलेला दिसला की तक्त्यावर विश्वास बसतो. प्रत्येक खुणेमागे तारीख होती: विहिरींची वही, टायट्रेशनची वही, मसुद्यांच्या मेलच्या तारखा.

मग तिने वेळ मागून घेतली आणि एकटीच गेली. तिचं पहिलं वाक्य माझ्याशी आधी बोलून ठरवलेलं होतं: ‘सर, या पेपरवर नावांचा क्रम कसा ठरला, ते मला समजून घ्यायचं आहे.’ गाईड मराठी समजतात, बोलतात ते मिसळून. म्हणाले, ‘अगं, आमच्या डिपार्टमेंटला पहिल्यापासून असंच असतंय की.’ तिने वाद घातला नाही, तक्ता पुढे ठेवला आणि म्हणाली, ‘सर, यात माझं काही चुकलं असेल तर दुरुस्त करा.’ त्यांनी पेन घेऊन दोन ठिकाणी दुरुस्ती केली: विश्लेषणात स्वतःचं नाव वाढवलं, पद्धतीतही. दोन्ही तिला पटल्या. ताळ्याच्या ओळीवर आल्यावर ते थांबले. तिने परीक्षकाचा प्रश्न आणि आपलं उत्तर जोडलेलं होतं. त्याच संध्याकाळी तिने चार ओळींचा मेल पाठवला: आज आपलं बोलणं झालं, आपण केलेल्या दुरुस्त्यांसह तक्ता जोडला आहे, माझी विनंती अशी की माझं नाव पहिलं आणि आपलं शेवटचं व करस्पाँडिंग असावं. आरोपाचा एकही शब्द नाही. बोलणं हवेत राहतं, मेल राहतो.

संपादकाकडे थेट जाऊ नये असं मी का म्हणतो? प्रकाशननीतीवर काम करणारी ‘कोप’ नावाची जी संस्था आहे, तिचा संपादकांना सल्लाच असा आहे की लेखकांतल्या वादाचा निवाडा नियतकालिकाने करू नये, तो संस्थेने करावा. तोपर्यंत निबंध थांबवून ठेवावा. म्हणजे तक्रार केली की निबंध अडकतो आणि प्रश्न फिरून विभागातच परत येतो, फरक एवढाच की आता गाईड दुखावलेले असतात. दुजोरा न देणं हा मात्र आपला हक्क आहे, आणि ज्या क्रमाला आपली संमती नाही त्याला तो देऊ नये. निबंध स्वीकारला जाण्याआधी सगळ्यांच्या संमतीने क्रम बदलणं तुलनेने सोपं असतं. छापून आल्यावर तेच शुद्धिपत्राचं प्रकरण होतं आणि एकाही सहलेखकाने नकार दिला की तिथेच अडतं. आणि रागाच्या भरात तीच आकडेवारी दुसऱ्या नियतकालिकाकडे स्वतःच्या एकट्या नावाने पाठवायची नाही. तसं करणारा विद्यार्थी बरोबर असूनही चुकीचा ठरतो, कारण कल्पना आणि आखणी त्याच्या एकट्याची नसते.

गाईडनी ऐकलंच नाही तर? इथे मला संस्थांच्या रचनेवर बोट ठेवायचं आहे. यूजीसीच्या पीएच.डी. नियमांत संशोधन सल्लागार समिती आहे, विद्यार्थ्याने दर सत्रात तिच्यासमोर जायचं असतं. तिचा निमंत्रक स्वतः गाईड असतो. वाङ्मयचौर्याबाबतच्या २०१८ च्या नियमांत विभागीय पातळीवर एक समिती आहे, तिचे अध्यक्ष विभागप्रमुख असतात. शिवाय ते नियम मजकूर किती टक्के जुळतो ते मोजतात, नावांच्या क्रमाचा प्रश्न त्यांत बसत नाही. त्या मुलीचा विचार करा: पहिल्या दारावर पहिला लेखक बसलेला, दुसऱ्या दारावर दुसरा. ‘विद्यार्थ्यांनी धीटपणे बोलावं’ असं म्हणणाऱ्यांनी आधी हे दार उघडावं. लेखकपणाचा वाद आला तर विभागाबाहेरचे दोन अध्यापक तो ऐकतील, एवढी एक ओळ विद्यापीठाच्या नियमांत घालायला फार कष्ट नाहीत. ती नाही तोवर विद्यार्थ्याने विभाग ओलांडून थेट विद्याशाखेच्या डीनकडे किंवा संशोधन विभागाकडे लेखी जावं, तक्ता आणि मेल जोडून, आणि मागणी एकच ठेवावी: क्रम ठरवून द्या. गाईडवर कारवाई करा, ही वेगळी मागणी आहे. ती जोडली की मूळ मागणी बुडते. अर्ज इंग्रजीत करावा. मराठीत की कन्नडमध्ये, हा वाद आपल्या भागात अर्जाच्या आधीच पेटतो, आणि त्यात महिने जातात.

प्रबंधावर गाईडची सही लागते, ही भीती खरी आहे आणि ती शब्दांनी जात नाही. प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापलेला असलाच पाहिजे, ही यूजीसीची अट २०२२ च्या नियमांत राहिली नाही, हे मात्र लक्षात ठेवावं. विद्यापीठाने स्वतःची अट ठेवलेली नसेल, तर निबंध काही महिने लांबल्याने पदवी अडत नाही. मी स्वतः विद्यार्थी असताना गप्प बसलो, कारण मला हे हिशेब कोणी सांगितले नव्हते. दोन वर्षांचं काम दुसऱ्या नावाखाली छापून आलं. त्या निबंधातला तिसऱ्या तक्त्यातला एक आकडा चुकीचा आहे, हे आजही मला माहीत आहे, आणि तो दुरुस्त करण्याचा अधिकार माझ्याकडे नाही.

त्या मुलीचं पुढे असं झालं. आठ दिवसांनी गाईडनी सुधारित प्रतीबरोबर क्रम बदलल्याचं सगळ्यांच्या सह्यांचं पत्र पाठवलं. ती पहिली, ते शेवटचे. विभागप्रमुखांचं नाव मधे तसंच राहिलं. ते काढायची गाईडचीही हिंमत झाली नाही, आणि वाट्याच्या नोंदीत त्यांच्या नावापुढे ‘साधनं’ एवढाच एक शब्द आहे. मला ते पटलेलं नाही, आणि तिलाही नाही. पण दुसऱ्या निबंधाचा तक्ता तिने आणि गाईडनी पहिली बाटली भरण्याआधीच लिहिला आहे. त्यात दोनच नावं आहेत. ‘पहिला मसुदा’ या ओळीपुढचा रकाना अजून पेन्सिलीत आहे, कारण तो कोण लिहिणार हे काम झाल्यावर ठरवू, असं दोघांनी म्हटलं आहे.